मूल कोणासारखं बोलतं? घर, शाळा, सवंगडी आणि पडदा

प्रश्न: समाजशास्त्राच्या पुस्तकात कुटुंब, शाळा, समवयस्क गट आणि प्रसारमाध्यमं ही सामाजीकरणाची चार साधनं एकाखाली एक दिलेली असतात. पण यातलं जास्त प्रभावी कोण? मित्र आणि मोबाईल यांनी आता घराला आणि शाळेला मागे टाकलंय असं म्हणता येईल का? बी.ए.च्या प्रकल्पासाठी मला हे प्रत्यक्ष मुलांमध्ये तपासायचं आहे. कसं तपासू?

उत्तर:

चौघांपैकी कुणीही एक सगळीकडे वरचढ नाही. मूल ज्या गोष्टी ज्यांच्यासमोर वापरणार असतं, त्या गोष्टींत त्यांचं चालतं. घरात कसं वागायचं हे घर ठरवतं, चार पोरांत कसं वागायचं हे ती चार पोरं ठरवतात. म्हणून ‘कोणाचा प्रभाव जास्त’ असा मोघम प्रश्न प्रकल्पासाठी घेऊ नका. एकच गोष्ट निवडा आणि ती मुलात कुठून आली याचा माग काढा.

त्यासाठी ‘मूल्यं’ घेऊ नका असा माझा आग्रह आहे. प्रश्नावलीत तेरा वर्षांच्या मुलाला ‘तू कोणाचं जास्त ऐकतोस?’ असं विचारलं की तो ‘आईवडिलांचं’ असं लिहितो, कारण वर्गात बसून भरायच्या कागदावर तेच लिहायचं असतं हे त्याला ठाऊक असतं. मुलांसोबत काम करताना मी बहुतेक वेळा त्यांच्या बोलण्याकडे पाहत आले आहे. बोलणं फार वेळ मुद्दाम बदलून ठेवता येत नाही, ते ध्वनिमुद्रित करता येतं, आणि घरची बोली व गल्लीची बोली वेगळी असेल तर मुलाने कुठलं काय उचललं हे चक्क ऐकू येतं. चारही साधनांबद्दल भाषेच्या अंगाने भक्कम पुरावा मिळतो, म्हणून उत्तरही त्याच वाटेने देते.

आधी घर आणि सवंगडी. वऱ्हाडातून पुण्यात आलेली बरीच कुटुंबं तुम्हालाही माहीत असतील. असंच अमरावतीकडचं एक कुटुंब कोथरूडला राहायला आलं, तेव्हा मुलगा पहिलीत होता. घरात आजी ‘कायले रडून राहिला?’ असं विचारायची, वडील ‘मले पाणी दे’ म्हणायचे. वर्षभरात सोसायटीच्या आवारात हा मुलगा ‘कशाला’, ‘मला’, ‘काय करतोयस’ असं बोलू लागला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि घरात तसं कुणी बोलतही नव्हतं. पहिल्या काही आठवड्यांत ‘जेवून राहिलो’ म्हटल्यावर दोघा-तिघांनी त्याची नक्कल केली, एवढंच झालं होतं. मात्र आजीशी फोनवर बोलताना तो आजही ‘जेवून राहिलो’च म्हणतो. आजीशी बोलता बोलता मित्राची हाक आली तर एकाच श्वासात दोन्ही रूपं ऐकू येतात.

आईला वाटत होतं की मुलगा घरचं विसरला. तो विसरलेला नाही. कुणापुढे काय बोलायचं हे तो शिकला आहे. समाजशास्त्रात हे लक्षात घेणं फार गरजेचं आहे, कारण सवंगड्यांनी घरचे संस्कार पुसून टाकले असा निष्कर्ष बऱ्याच प्रकल्पांत घाईने काढलेला असतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ साली नेमका हाच मुद्दा ठामपणे मांडला. घरी शिकलेलं मूल घराबाहेर आपोआप नेत नाही, बाहेर उपयोगी पडत असेल तरच नेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. स्थलांतरितांच्या मुलांची भाषा हा त्यांचा सर्वांत बळकट दाखला होता. आईवडिलांचा हेल मुलांच्या बोलण्यात उरत नाही, शेजारच्या मुलांचा हेल येतो.

हॅरिस यांनी या दाखल्यावरून पुढे जाऊन घराचा प्रभाव फार कमी लेखला, असं माझं मत आहे. त्याचं कारण फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात सापडतं. किंग ऑफ प्रशिया नावाच्या या वस्तीत १९७० च्या दशकात अर्विला पेन या संशोधिकेने परराज्यांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांचे उच्चार तपासले. तिथल्या बोलीतले साधे स्वरबदल लहान वयात आलेल्या मुलांनी सहज उचलले होते. पण त्या बोलीत एक गुंतागुंतीचा नियम आहे. ‘मॅड’, ‘बॅड’ आणि ‘ग्लॅड’ या शब्दांतला ‘अ‍ॅ’ ताणून, आवळून म्हणतात, आणि ‘सॅड’मधला मात्र नाही. यामागे सरळ तर्क नाही, शब्दागणिक ते अंगवळणी पडावं लागतं. हा नियम पुरता साधला तो ज्यांचे आईवडील स्वतः फिलाडेल्फियात जन्मले-वाढले होते अशाच मुलांना. बाहेरून आलेल्यांची मुलं त्याच शाळेत आणि त्याच मित्रांत वाढली, तरी बहुतेकांना तो पूर्ण जमला नाही.

यातून घराचा खरा वाटा कळतो. वरवर ऐकून उचलता येईल आणि चुकलं तर लगेच हसं होईल, अशा गोष्टींत सवंगडी जिंकतात. जी घडण बोलायला लागण्याआधीपासून, रोज, न सांगता मुरत जाते, तिथे घर टिकतं. म्हणजे सवंगडी आणि घर एकाच जागेसाठी भांडतात असं नाही. मुलाच्या बोलण्यात दोघांचे थर वेगवेगळ्या खोलीवर असतात.

सवंगड्यांचा प्रभाव इतका लवकर का बसतो, याचं उत्तर त्या गटाच्या रचनेत आहे. घरात मुलाची जागा जन्मानेच पक्की असते. कसंही बोललं तरी ते घरचंच राहतं. शाळेत हजेरीपटावर नाव असतं. खेळणाऱ्या पोरांत मात्र जागा मिळवावी लागते आणि ती जाऊही शकते. आपल्याकडचं ‘कच्चं लिंबू’ पाहा. लहान भावंडाला खेळायला घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बाद झाला तरी मोजत नाहीत. दिसायला ही दया आहे, पण त्या मुलाला आपण अजून भिडू नाही हे पक्कं कळतं. त्यातून बाहेर पडण्यासाठी तो डावाचे नियम, कुरकुर न करता बाद होणं, वाद घालण्याची रीत, शिव्यांची हद्द हे सगळं झपाट्याने शिकतो. कोणत्याही मोठ्या माणसाने हे शिकवायचं ठरवलं असतं तर त्याच्या दसपट वेळ लागला असता. एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘आता हा कच्चं लिंबू नाही रे, याच्यावर पण राज्य.’ ते ऐकल्यावर त्या मुलाचा चेहरा जरूर पाहा. परीक्षेतल्या पहिल्या नंबरानेही असा आनंद झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेला गोट्यांच्या खेळाचा अभ्यास याच जागी उपयोगी पडतो. स्वित्झर्लंडमधल्या मुलांना ते विचारत, हे नियम कुठून आले आणि ते बदलता येतील का? लहान मुलं म्हणत, नियम मोठ्यांनी केलेत, बदलता येत नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुलं म्हणत, सगळ्यांनी मान्य केलं तर बदलता येतात. पियाजे यांच्या मते हा बदल मोठ्यांच्या सांगण्याने होत नाही, कारण मोठ्यांशी मुलाचं नातंच बरोबरीचं नसतं. तो बरोबरीच्यांशी तडजोडी करत खेळल्याने होतो. नियम हा आपसातला करार असू शकतो ही समज घर देऊ शकत नाही. घराच्या प्रेमात काही कमी असतं म्हणून हे होत नाही. आई आणि मूल समान उंचीवर नसतात, एवढंच त्याचं कारण.

आता शाळा. पुस्तकांत शाळा म्हणजे औपचारिक सामाजीकरण, असं एक वाक्य असतं आणि त्याखाली शिस्त, वेळ पाळणं, स्पर्धा वगैरे यादी असते. ती यादी खोटी नाही. पण माझ्या मते शाळेचा सर्वांत मोठा परिणाम अभ्यासक्रमातून होत नाही. कोणती मुलं कोणासोबत बसतील हे शाळा ठरवते, आणि तिचा खरा हात तिथे असतो. निकाराग्वातली घटना याचं सर्वांत लख्ख उदाहरण आहे.

१९७७ पर्यंत त्या देशातली बहिरी मुलं आपापल्या घरात एकेकटी वाढत होती. प्रत्येकाने घरच्यांशी बोलायला काही खाणाखुणा ठरवल्या होत्या, पण एका घरच्या खुणा दुसऱ्या घरी चालत नव्हत्या. त्या वर्षी राजधानी मानाग्वात विशेष शिक्षणाची शाळा सुरू झाली आणि १९८० मध्ये किशोरवयीनांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा आली. काही वर्षांत शेकडो बहिरी मुलं पहिल्यांदाच एकमेकांना भेटली. शिक्षकांचा कार्यक्रम स्पष्ट होता. ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश ओळखायची आणि बोटांनी अक्षरं दाखवायची. तो फारसा साधला नाही. मात्र मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र आणून त्यांतून एक सामायिक खुणांची भाषा उभी केली. मुलं आपसांत काय बोलतात हे शिक्षकांना कळेना, तेव्हा १९८६ मध्ये सरकारने जुडी केगल या अमेरिकन भाषावैज्ञानिक संशोधिकेला बोलावलं. मागाहून दाखल झालेल्या लहान मुलांनी आधीच्या मुलांच्या खुणा घेतल्या आणि त्यांचं व्याकरण अधिक घट्ट, अधिक नेमकं केलं. आज ही निकाराग्वाची खुणांची भाषा म्हणून ओळखली जाते.

या घटनेत तीन साधनं एकमेकांपासून स्वच्छ वेगळी दिसतात. कुटुंबाने कच्चा माल दिला, पण पूर्ण भाषा दिली नाही. शाळेने जे शिकवायचं ठरवलं ते शिकवता आलं नाही. आणि ज्याची कोणीच योजना केली नव्हती ते सवंगड्यांनी घडवलं. तरी सगळं श्रेय सवंगड्यांना देऊन चालणार नाही. शाळेने त्यांना एका छताखाली आणलं नसतं तर ‘समवयस्क गट’ नावाची गोष्टच तिथे नव्हती.

आपल्याकडे हा मुद्दा जातवर्गाला येऊन भिडतो. एरवी मुलाचे मित्र कोण हे बऱ्याच अंशी आईवडीलच ठरवत असतात. घर कुठल्या वस्तीत घेतलं, शाळा कुठली निवडली, कुणाच्या घरी जायची परवानगी दिली आणि मुलीला संध्याकाळी किती वाजता घरात बोलावलं, यातूनच मित्रांची यादी तयार होते. म्हणजे ‘मित्रांचा प्रभाव’ म्हणून आपण जे मोजतो, त्यात घराचाच हात लपलेला असतो. तो वेगळा काढायचा तर मैत्री घरच्यांच्या निवडीने नाही, बाहेरच्या नियमाने घडली असली पाहिजे. दिल्लीत तसं घडलं.

२००७ पासून दिल्लीतल्या अनेक महागड्या खासगी शाळांना २० टक्के जागा गरीब घरच्या मुलांसाठी ठेवणं भाग पडलं. घरची वार्षिक मिळकत १ लाख रुपयांहून कमी, अशी ती मुलं होती. पुढे शिक्षणहक्क कायद्याने देशभर २५ टक्क्यांची तरतूद आली, त्याआधीची ही गोष्ट आहे. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने या शाळांतल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं दुसऱ्यांना द्यायला अधिक तयार होती, शाळेतल्या स्वयंसेवी कामात जास्त भाग घेत होती आणि भेदभाव कमी करत होती. भेदभाव मोजायला त्यांनी रिले शर्यत ठेवली. जोडीदार म्हणून जास्त वेगवान पण गरीब मुलगा घ्यायचा की कमी वेगवान पण आपल्यातला, हे मुलांनाच ठरवायचं होतं. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती वेगवान जोडीदार निवडायला कमी बिचकली.

यातला सर्वांत मोलाचा तपशील वेगळाच आहे. काही शाळांत अभ्यासाचे लहान गट मुलांच्या नावाच्या आद्याक्षरानुसार पाडले जात. म्हणजे कोणाच्या वाट्याला गरीब सोबती येणार हे ना पालक ठरवत होते, ना मुलं. परिणामाचा मोठा भाग या गटांतल्या प्रत्यक्ष सहवासातून येत होता. वर्गात फक्त सोबत असणं आणि रोज एका वहीवर डोकं घालून बसणं यांत फरक पडला. पालकांना वाटणारी भीती किती खरी ठरली, हेही राव यांनी पाहिलं. गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत थोडी घट झाली, आणि शिस्तीच्या बाबतीत अपशब्द वापरण्याचं प्रमाण वाढलं. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. सवंगडी औदार्यही देतात आणि शिव्याही देतात, आणि ही दोन्ही एकाच सहवासातून येतात.

आता प्रसारमाध्यमं. ‘टीव्ही आणि मोबाईलने मुलं बिघडतात’ हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं की माध्यमं नेमकं काय देऊ शकतात आणि काय नाही, हे तपासायचं राहूनच जातं. अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला एका मुलाचा अभ्यास इथे डोळे उघडणारा आहे. संशोधकांनी त्याला जिम असं नाव दिलं होतं. त्याचे आईवडील दोघेही बहिरे होते, पण त्याला स्वतःला ऐकू येत होतं. आईवडिलांनी त्याच्याशी खुणांची भाषा फारशी वापरली नाही. बोलकी इंग्रजी त्याच्या कानावर मुख्यतः टीव्हीवरून पडली, त्यात भर पडली ती खेळगड्यांसोबतच्या थोड्या वेळाची. तो पावणेचार वर्षांचा असताना संशोधकांनी त्याला पाहिलं. त्याला शब्द येत होते, अगदी जाहिरातींतलेसुद्धा, पण वाक्यरचना विस्कटलेली होती. उशिराने बोलणाऱ्या मुलांसारखीही ती नव्हती, तिची घडणच वेगळी होती. मग मोठी माणसं त्याच्याशी नियमित गप्पा मारू लागली आणि काही महिन्यांत त्याची भाषा झपाट्याने सुधारली. त्याच्या धाकट्या भावाला ती अडचण आली नाही, कारण त्याच्याशी बोलायला आता जिम होता.

तासन्‌तास ऐकूनही टीव्ही भाषा का देऊ शकला नाही? कारण तो उत्तर देत नाही. मूल ‘पाणी दे’ ऐवजी भलतंच काही म्हणालं तर आई गोंधळते, पुन्हा विचारते, बरोबर वाक्य बोलून दाखवते. मित्र हसतो. पडदा मुलाकडे पाहतच नाही. माध्यमं माल पोहोचवतात, पण तो वापरून पाहिला जातो घरात, वर्गात किंवा मित्रांत. कार्टूनमधलं हिंदी वाक्य मूल घरी म्हणतं, आजी कौतुक करते तर ते टिकतं. मित्र ‘हे काय बोलतोयस’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी गायब होतं.

म्हणून माध्यमं दुबळी आहेत असं मात्र समजू नका. घर, शाळा आणि गल्ली या तिघांच्याही अनुभवाबाहेरचं जग फक्त माध्यमंच आत आणू शकतात. जे गावात कुणीच केलेलं नाही ते करता येतं, ही कल्पना शेजाऱ्याकडून कशी येणार? १९९६-९७ मध्ये आकाशवाणीने हिंदी भाषक राज्यांसाठी ‘तिनका तिनका सुख’ ही मालिका प्रसारित केली. त्यात हुंड्यासाठी सासरी छळ झालेली पूनम आत्महत्या करते. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान या गावच्या श्रोत्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये आकाशवाणीला एक मोठं पोस्टरसारखं पत्र पाठवलं. आपण हुंडा घेणार नाही आणि देणार नाही, अशी त्यात प्रतिज्ञा होती आणि खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे होते. अरविंद सिंघल, एव्हरेट रॉजर्स, मायकेल पापा हे संवादमाध्यमांचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी मग त्या गावात गेले आणि हे कसं घडलं ते त्यांनी तपासलं.

त्यांना जे दिसलं त्यात रेडिओ एकटा नव्हता. लोक मालिका एकत्र ऐकत होते आणि भाग संपल्यावर त्यावर बोलत होते. गावातल्या एका शिंप्याने पत्रासाठी पुढाकार घेतला होता. पूनमबद्दल वाईट वाटणं हे मालिकेचं काम होतं, पण ‘आपण काय करायचं’ हे वाक्य श्रोत्यांच्या आपसातल्या बोलण्यातून आलं. १९४० च्या अमेरिकन निवडणुकीचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ओहायोतल्या एका परगण्यातही हेच आढळलं होतं. माध्यमातली गोष्ट आधी थोड्या जागरूक लोकांपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत जाते. लुत्सानच्या अभ्यासकांनी दुसरी बाजूही नोंदवली. प्रतिज्ञा केलेल्या माणसांच्या बोलण्यात आणि वागण्यात विसंगती होत्या, जुन्या सत्तेच्या माणसांचा विरोध होता आणि बदल सरळ रेषेत पुढे गेला नाही. लग्न ठरवताना शेवटी कुटुंब बसतं, आणि तिथे रेडिओला जागा नसते.

तुमच्या प्रश्नातल्या मोबाईलबद्दल याच ठिकाणी सांगते, कारण प्रकल्पात सर्वांत जास्त घोळ इथे होतो. ‘मोबाईल किती तास वापरतोस’ हा प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा समवयस्क गट आहे. तिथे उत्तर मिळतं, हसं होतं, काढूनही टाकतात. यूट्यूबवर एकट्याने पाहिलेला व्हिडिओ हे प्रसारमाध्यम आहे. तोच व्हिडिओ ग्रुपवर टाकून त्यावर चर्चा झाली की ते लुत्सानसारखं झालं. उपकरण एक आहे म्हणून रकाना एक करू नका. मुलाला विचारायचं ते हे: तिथे तू काही म्हणालास तर कुणी उत्तर देतं का? आणि तुला तिथून कुणी बाहेर काढू शकतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ती नोंद सवंगड्यांच्या रकान्यात जाते.

आता तपासायचं कसं. घरची बोली परिसरातल्या बोलीहून वेगळी आहे अशी सहा ते आठ मुलं शोधा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, काहीही चालेल. तुम्हाला ती बोली नीट कळली पाहिजे, एवढंच. पालकांची लेखी परवानगी घ्या आणि मुलालाही विचारा. घरची आणि बाहेरची रूपं स्पष्ट वेगळी आहेत अशी आठ-दहा उदाहरणं आधी ठरवा. वऱ्हाडीसाठी ‘मले-मला’, ‘कायले-कशाला’, ‘करून राहिला-करतोय’, आणि ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ पुरेसे आहेत. ‘डोळा’ला मूल कुठे ‘डोया’ म्हणतं आणि कुठे नाही, हे टिपत जा. मग प्रत्येक मुलाचं बोलणं तीन ठिकाणी ऐका: घरी जेवताना, वर्गात शिक्षकांना उत्तर देताना, आणि खेळताना. पडद्यावरून आलेले शब्द वेगळ्या रंगाने लिहा आणि ते या तीनपैकी कुठे वापरले गेले, कुणी काय प्रतिसाद दिला हेही टिपा.

यात नेहमी होणारी चूक म्हणजे मुलाला समोर बसवून मुलाखत घेणं. तुम्ही कॉलेजातून आलेल्या ताई किंवा दादा असता, म्हणून मूल तुमच्याशी वर्गातली भाषा बोलतं, आणि तुमच्या वहीत शाळेचा प्रभाव फुगतो. हे झालंय हे ओळखता येतं. तीनही ठिकाणच्या नोंदी जवळजवळ सारख्या आल्या तर मूल तुमच्याकडे पाहून बोलत होतं असं समजा. त्यावर उपाय असा की एकट्याला न घेता मुलांच्या टोळक्याला कॅरम किंवा पत्ते खेळायला बसवा, ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू ठेवा आणि बाजूला व्हा. डाव रंगात आला की त्यांना तुमचा विसर पडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मोजणीतून सोडून द्या.

दुसरी चूक विश्लेषणात होते. दोन मित्र सारखे बोलतात, सारखे वागतात, म्हणजे एकाने दुसऱ्याला तसं केलं असं लगेच लिहिलं जातं. पण मुलं आपल्यासारखीच मुलं मित्र म्हणून निवडतात. समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी किशोरांच्या मैत्रीजोड्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशा दोनदा तपासल्या. काही जोड्या नव्याने जुळल्या, काही तुटल्या, काही टिकल्या. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मित्रांमधल्या सारखेपणाचा साधारण निम्मा वाटा निवडीचा आणि निम्मा प्रभावाचा निघाला. एकदाच पाहिलं असतं तर सगळा सारखेपणा प्रभावाच्या खात्यात गेला असता.

तुमच्याकडे वर्षभराचा वेळ नसेल तरी जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, अशा दोन नोंदी घेता येतील. जूनमध्ये कोण कोणाचा मित्र आहे हे लिहून ठेवा. बाई ज्यांना शेजारी बसवतात ती जोडी आणि मुलांनी स्वतः जमवलेली जोडी वेगवेगळी नोंदवा. दिवाळीनंतर शेजारी बसवलेल्या जोडीत घरच्या रूपांची जागा बाहेरच्या रूपांनी घेतली असेल, तर तिथे तुम्ही ‘सहवासाचा प्रभाव’ असं लिहू शकता. स्वतः जमलेल्या जोडीबद्दल मात्र ‘सारखेपणा आढळला’ इतकंच लिहा. आणि प्रत्येक मुलाच्या नावाशेजारी तो किंवा ती इथे वयाच्या कितव्या वर्षी राहायला आली हे न विसरता नोंदवा. वयाच्या आठ-दहा वर्षांच्या आत आलेलं मूल आणि सातवीत आलेलं मूल यांची सरासरी काढलीत, तर दोघांचंही खरं चित्र हातून निसटेल.